फॅमिली ग्रुपवर ४ मिनिटांचा स्टँड-अप सेट: सेटअपपासून कॉलबॅकपर्यंत

व्हॉट्सअॅपवरचा फॅमिली ग्रुप हा विषय नवख्यांना सोपा वाटतो, कारण समोर बसलेला प्रत्येक जण अशा एखाद्या ग्रुपवर असतोच. अडचणही तीच आहे. सकाळचे फुलांचे फोटो आणि काकांचे फॉरवर्ड यांवर लोकांनी इतके विनोद ऐकलेत, की तुम्ही ‘आमच्या ग्रुपवर रोज सकाळी’ एवढं म्हणताच पुढचं वाक्य त्यांना ठाऊक असतं. म्हणून अख्खा ग्रुप घेऊ नका. एक सवय उचला आणि ४ मिनिटं तीच चालवा. ओपन माइकला, म्हणजे कोणालाही नाव देऊन स्टेजवर येता येतं अशा कार्यक्रमात, नव्या माणसाला साधारण ४ ते ५ मिनिटं मिळतात, एका सवयीला ती पुरतात.

या लेखात एकच उदाहरण शेवटपर्यंत नेलं आहे: ग्रुपवर मेसेज डिलीट करणं. त्याआधी चार शब्दांचे अर्थ. सेटअप म्हणजे ऐकणाऱ्याला लागणारी माहिती. पंच म्हणजे ज्या जागी तो हसतो ती. टॅग म्हणजे त्याच सेटअपवर, फारशी नवी माहिती न देता मिळवलेलं पुढचं हसू. आणि कॉलबॅक म्हणजे आधी हशा मिळवलेली गोष्ट नंतर वेगळ्या प्रसंगात परत आणणं.

पायरी १: ग्रुप वाचा, पण मजकूर सोडून द्या

ग्रुप उघडा आणि मागचे दोनेक आठवडे वर सरकवत जा. वहीत नोंदी करताना लोकांनी काय पाठवलं ते लिहू नका, लोकांनी काय केलं ते लिहा. ‘आत्याने आरोग्यावरचा लेख पाठवला’ या नोंदीचा काही उपयोग नाही. ‘आत्याने लेख पाठवला आणि खाली स्वतःच लिहिलं: छान माहिती’ ही नोंद कामाची आहे, कारण तिच्यात माणूस दिसतो. फॉरवर्डमधला मजकूर मुळात विनोदी असला, तरी तो तुमचा नाही आणि स्टेजवर वाचून दाखवला की थंड पडतो.

अशा वीस-पंचवीस नोंदी झाल्या की प्रत्येकीला एक प्रश्न विचारा: इथे माणूस म्हणतो एक आणि करतो दुसरंच, असं काही आहे का? ज्या नोंदीला ‘हो’ उत्तर मिळेल ती बाजूला काढा. डिलीट केलेला मेसेज या परीक्षेत उतरतो. पाठवणाऱ्याला वाटतं की आपण गोष्ट लपवली. प्रत्यक्षात ‘हा मेसेज डिलीट केला’ अशी पाटी तिथे राहते आणि त्या दिवशीची सगळ्यात जास्त वाचली गेलेली ओळ तीच ठरते. ही विसंगती एका वाक्यात मांडता आली पाहिजे. आपली अशी: ‘फॅमिली ग्रुपवर मेसेज डिलीट केला, की तो जास्त वाचला जातो.’ हे वाक्य स्टेजवर बोलायचं नाही. ते वहीच्या वर लिहून ठेवायचं आणि सेटमधली जी ओळ त्याच्याशी जोडलेली नाही ती काढून टाकायची.

पायरी २: सेटअप कापा

पहिला खर्डा बहुधा असा उतरतो:

‘तुमच्यापैकी किती जण फॅमिली ग्रुपवर आहेत? आहात ना? तर आमचा पण एक ग्रुप आहे, त्यात काका, मावशी, आत्या सगळेच आहेत, आणि काय होतं ना, की कधी कधी कोणीतरी मेसेज पाठवतं आणि मग डिलीट करतं, तेव्हा सगळ्यांना असं होतं की अरे, काय असेल बुवा.’

हसू येईल अशी एकही जागा यात नाही. पहिला प्रश्न निरर्थक आहे, कारण उत्तर सगळ्यांना माहीत आहे. ‘कधी कधी कोणीतरी’ म्हटल्यामुळे डोळ्यांसमोर माणूस उभा राहत नाही. शेवटी ‘काय असेल बुवा’ हे तर आपण आपल्याच गमतीचं स्पष्टीकरण दिलं. आता हेच कापून:

‘आमच्या फॅमिली ग्रुपवर चाळीस माणसं. रोज शंभर मेसेज येतात. कोणी वाचत नाही. काल काकांनी एक मेसेज डिलीट केला. चाळीसच्या चाळीस वाचायला हजर.’

पाच छोटी वाक्यं, त्यातली चार सेटअप आणि शेवटचं पंच. ‘कोणी वाचत नाही’ ही ओळ वरवर साधी आहे, पण पंच तिच्यावरच उभा आहे. ती गाळून सेट म्हणून पाहा, ‘हजर’ शब्दाला काही वजनच उरत नाही. सेटअपमधलं प्रत्येक वाक्य असं एकेक काढून पाहावं. पंच जसाच्या तसा राहिला तर ते वाक्य गेलं.

मराठीत एक गोष्ट जास्त सांभाळावी लागते. आपलं क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे हसवणारा शब्द आधी बोलून होतो आणि मागे ‘होता’, ‘आहे’, ‘असं निघालं’ अशी शेपटी राहते. लोक हसायला सुरुवात करतात आणि तुम्ही त्यांच्या हसण्यावर बोलत राहता. ‘मावशीने त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवलेला होता असं निघालं’ ही ओळ तिसऱ्याच शब्दाला संपलेली असते. ‘मावशीकडे स्क्रीनशॉट’ म्हणा आणि गप्प बसा. बोलीत क्रियापद गाळलेलं कोणाला खटकत नाही.

पायरी ३: टॅग लावा

पंच झाला की नवखे लगेच पुढच्या विषयावर उडी मारतात. खरं तर सगळ्यात स्वस्त हशा इथेच असतो, कारण सेटअप सांगून झालेला असतो. टॅग शोधण्याची सोपी रीत अशी: चित्र तेच ठेवायचं आणि त्यात एकेक माणूस आणून उभा करायचा. डिलीट झालेल्या मेसेजखाली कोण काय करेल?

‘काय होतं?’ ‘काय होतं हो?’ ‘कोणी पाहिलं का?’ ज्या भावाने ग्रुप कायमचा म्यूट केलाय... तोसुद्धा आला.

बाबांनी खाली अंगठा टाकला. कशाला? तिथे काही नाहीये! बाबा रिकाम्या जागेशी सहमत झाले.

मावशी कायम म्हणते, ‘मला बाई मोबाइलमधलं काही कळत नाही.’ काकांनी मेसेज डिलीट केला अकरा सेकंदांत. मावशीकडे स्क्रीनशॉट.

हे तीन टॅग याच क्रमाने का? भावाचा अपेक्षेतला आहे, तो हशा चालू ठेवतो. बाबांचा थोडा वेडपट आहे. मावशीचा सगळ्यात जोरदार आहे आणि त्याला स्वतःचा छोटा सेटअप लागतो, म्हणून तो शेवटी. जोरदार टॅग आधी आला तर मागचे दोघे फिके पडतात. तीनच्या वर मात्र जाऊ नका. चौथ्या माणसाला आणलं की प्रेक्षकांना यादी ऐकू येऊ लागते आणि ते पुढचं नाव ओळखायला लागतात.

‘अकरा सेकंदांत’ हा तपशील मुद्दाम आहे. ‘लगेच’ म्हटलं तर मावशीच्या चपळाईचा अंदाज येत नाही. आकडा नेमका असला की ऐकणारा मनात घड्याळ लावतो. पण असे नेमके आकडे सेटमध्ये एक-दोनच हवेत.

तपशील खरे ठेवण्याबद्दलही इथेच सांगायला हवं. प्रेक्षक हे अॅप दिवसभर वापरतात, त्यामुळे चूक त्यांना पटकन कळते. व्हॉट्सअॅपवर सगळ्यांसाठी डिलीट करायला दोन दिवसांहून थोडा अधिक वेळ मिळतो. ‘महिन्यापूर्वीचा मेसेज काकांनी सगळ्यांसाठी उडवला’ असं म्हणालात तर निम्मे लोक हसण्याऐवजी ‘असं होत नाही’ या विचारात अडकतील.

पायरी ४: सवय उलटी फिरवा

चार मिनिटांत एकाच उंचीवर राहिलं तर कंटाळा येतो. दुसऱ्या मिनिटाच्या आसपास तीच सवय उलट बाजूने दाखवायची. इथे अॅपच मदतीला येतं: डिलीट करताना दोन पर्याय असतात, सगळ्यांसाठी किंवा फक्त आपल्यापुरतं. घाईत दुसरा दाबला की काय होतं?

‘आज काकांनी आणखी एक मेसेज डिलीट केला. घाईत. फक्त स्वतःपुरता. आता तो मेसेज एकोणचाळीस जणांना दिसतोय. दिसत नाही फक्त एकाला. ज्याने लिहिलाय.’

टॅग: ‘आणि घरात तोच एकटा निवांत आहे.’

टॅग: ‘खाली अनडू आलं होतं. काकांनी चष्मा शोधला. चष्मा सापडला. अनडू गेलं.’

दुसरा टॅग नुसता गमतीचा नाही. आपल्यापुरतं डिलीट केल्यावर ते मागे घेण्याची सोय काही सेकंद दिसते, आणि प्रेक्षकांतला एखादा जाणकार नेमकं तेच आठवून बसलेला असतो. त्याची शंका त्याने विचारण्याआधीच हशात बुजवली. तुमच्या विषयात अशी भोकं शोधा. कुणी मनातल्या मनात ‘पण मग...’ म्हणेल अशी जागा दिसली की तिथे टॅग बसतोच.

आता एक सावधगिरी. आतापर्यंतचे सगळे विनोद मोठ्यांवर झाले. एवढ्यावर सेट संपवला तर ‘म्हाताऱ्यांना फोन कळत नाही’ एवढंच उरतं, आणि ते शिळं आहे. समोर साठीची माणसं बसली असतील तर ती हात बांधून बसतात. म्हणून पुढच्या भागात मार स्वतः बोलणाऱ्याला बसला पाहिजे. मावशीचा टॅग याला अपवाद आहे, कारण तिथे मोठं माणूस जिंकतं.

पायरी ५: कॉलबॅक पेरा आणि उचला

कॉलबॅक शेवटी सुचत नाही, तो मागे जाऊन पेरावा लागतो. आधी सेटचा शेवट ठरवा, मग त्याला काय काय लागतं ते पाहा, आणि त्या वस्तू पहिल्या मिनिटात टॅग म्हणून ठेवून या. आपल्याकडे दोन चांगल्या वस्तू आहेत: बाबांचा रिकाम्या जागेवरचा अंगठा आणि मावशीचं ‘मला बाई काही कळत नाही’. आता शेवट पाहा.

‘मी हसलो काकांना. खूप हसलो. आणि मित्राला लिहिलं, “आमच्या फॅमिली ग्रुपवर सगळे रिकामटेकडे भरलेत.” पाठवलं. मित्राला नाही. फॅमिली ग्रुपवर.

घाम फुटला. पटकन डिलीट केलं. स्क्रीन स्वच्छ. काही नाही. वाचलो.

(थांबा)

खाली बाबांचा अंगठा आला.’

पहिल्यांदा अंगठा आला तेव्हा बाबांची गंमत होती. आता तोच अंगठा, तशाच रिकाम्या जागेखाली, पण यावेळी जागा रिकामी दिसते ती फक्त बोलणाऱ्याला. वस्तू तीच, अर्थ फिरला. चांगल्या कॉलबॅकची परीक्षा हीच आहे. अर्थ न फिरवता तोच शब्द पुन्हा उच्चारला तर थोडं ओळखीचं हसू मिळतं, त्याहून जास्त काही नाही.

इथे सगळ्यात मोठी चूक म्हणजे स्पष्टीकरण. ‘म्हणजे मी पण काकांसारखं फक्त माझ्यापुरतं डिलीट केलं होतं’ हे वाक्य जिभेवर येईल. गिळा. प्रेक्षकांनी ते स्वतः जुळवण्यातच मजा आहे, आणि जुळवायला त्यांना दीड-दोन सेकंद लागतात. म्हणून अंगठ्यानंतर थांबायचं. हशा दोन टप्प्यांत येतो, आधी चार-पाच जणांचा आणि मग बाकीच्यांचा. पहिल्या टप्प्यातच बोलायला लागलात तर दुसरा मारला जातो.

आता मावशी. ॲडमिनला दुसऱ्याचा मेसेजही सगळ्यांसाठी डिलीट करता येतो, त्याचा उपयोग करून:

‘आता एकच माणूस वाचवू शकतं. ग्रुपची ॲडमिन. मावशी. फोन लावला. म्हटलं, “मावशी, तेवढा माझा मेसेज डिलीट कर गं.” मावशी म्हणाली, “मला बाई मोबाइलमधलं काही कळत नाही.”’

इथे सेट संपवता येतो. आणखी एक टॅग शक्य आहे, मावशीच्याच आवाजात: ‘स्क्रीनशॉट पाठवू का?’ काही खोल्यांत हा आधीच्या ओळीपेक्षा जोरात वाजतो, काहींत लोक आधीच्या ओळीवरच टाळ्या सुरू करतात. ठरवायचं ते जागेवर: ‘कळत नाही’वर टाळ्या आल्या तर नमस्कार करून उतरा, नुसतं हसू आलं तर टॅग टाका. या दोन्ही शेवटांची तयारी आधीच असली पाहिजे.

पेरणी आणि उचल यांच्यात अंतर किती? निदान दीड मिनिट आणि मध्ये दोन-तीन वेगळे हशे. त्याहून जवळ आणलं तर तो टॅगच वाटतो. आणि पेरलेल्या ओळीला पहिल्यांदा हशा मिळाला नसेल, तर ती परत आणू नका. लोकांना जी आठवतच नाही तिच्यावर ते हसणार कसे? एखाद्या दिवशी बाबांचा अंगठा पडला तर शेवटी अंगठ्याच्या जागी ग्रुप म्यूट केलेला भाऊ आणता येईल, तशी एक पर्यायी ओळ पाठ ठेवा.

पायरी ६: मोठ्याने म्हणा आणि मोजा

कागदावर हा सेट छोटा दिसेल. मराठीत थांबे आणि हशे धरून ४ मिनिटांत साधारण साडेतीनशे ते चारशे शब्द बसतात, वाचनाच्या वेगाने मोजलं तर ते तीन मिनिटांतच संपतात. वर दिलेल्या ओळी याहून बऱ्याच कमी आहेत. उरलेली जागा तुमच्या घरातल्या तपशिलांची आहे, पण ती नव्या सवयीने भरू नका, याच सवयीच्या आतल्या गोष्टींनी भरा. काकांचा डिलीट झालेला मेसेज शेवटी काय निघाला, हा तर अख्ख्या मिनिटाचा ऐवज आहे. तो जितका साधा निघेल तितका बरा.

ग्रुपवरचं बोलणं स्टेजवर आणताना हातात फोन घेऊन वाचू नका. नजर खाली गेली की खोली तुटते. माणसं आवाजाने वेगळी करा, पण नकला नकोत. मावशीसाठी आवाज थोडा वर आणि मान किंचित तिरकी, एवढं पुरे. तीच मान शेवटच्या फोनमध्ये परत आली, की बोलण्याआधीच लोक तिला ओळखतात. अंगठा शब्दाने सांगा आणि हाताने दाखवा. दुसऱ्यांदा आला तेव्हा शब्द आधी, हात नंतर आणि सावकाश.

प्रत्येक वेळी फोनवर आवाज रेकॉर्ड करा आणि घरी ऐकताना कागदावर हशाच्या जागांवर खुणा करा. नेमकं काय बिघडलं ते या खुणांवरून कळतं. पंचवर पूर्ण शांतता असेल तर बहुधा सेटअपमधली माहिती पोचलेली नाही, बहुतेकदा ‘कोणी वाचत नाही’ ही ओळ घाईत गेलेली असते. हशा आला पण लहान, तर पंचच्या शब्दामागे शेपटी राहिली आहे का ते ऐका. आणि लोक पंचच्या आधीच हसत असतील तर त्यांनी तो ओळखला, तेव्हा आधीच्या वाक्यातला एखादा इशारा काढा.

खऱ्या माणसांबद्दल एक नियम पाळाच: नातं बदला. खरी सवय आत्याची असेल तर ती मावशीला द्या, दोन काकांचा एक काका करा. तुमच्या सेटचा व्हिडिओ कधीतरी त्याच ग्रुपवर जाणार आहे. कोणाचा आजार, कोणाचं भांडण, कोणाचे पैसे असलेला मेसेज सेटमध्ये घेऊच नका. हे सभ्यतेसाठी आहेच, पण तशा विषयावर खोलीतलं हसू आखडतं, हे रेकॉर्डिंगमध्ये स्पष्ट ऐकू येतं.

वेळ कमी पडली तर

शेवटचं मिनिट उरलं की आयोजक मागून लाइट दाखवतात. नवखे तिथे वेग वाढवतात आणि कॉलबॅक घाईत उडवून टाकतात. त्यापेक्षा आधीच कोणत्या ओळी सोडायच्या ते ठरवून ठेवा. पहिल्यांदा चष्म्याचा टॅग जाऊ द्या. मग ‘निवांत आहे’. मग भाऊ, अर्थात तो अजून बोलून झाला नसेल तर. बाबांचा अंगठा आणि मावशीचं ‘कळत नाही’ या दोन ओळींना हात लावायचा नाही, कारण शेवट त्यांच्यावर उभा आहे. लाइट दिसेपर्यंत काकांचा दुसरा मेसेज सुरूच झाला नसेल, तर तो एका दमात सांगा, पण गाळू नका. ‘फक्त स्वतःपुरता’ हा पर्याय प्रेक्षकांनी ऐकलेला नसेल, तर बाबांचा दुसरा अंगठा कोणालाच कळणार नाही.